आधी थोडंसं लावून बघतो

मराठी माणूस खिशात हात घालण्याआधी वस्तूत हात घालतो. आंब्याच्या पेटीतल्या वरच्या थरावर त्याचा काडीचा विश्वास नसतो, म्हणून तो तळाचा आंबा काढून देठाशी हुंगतो. फरसाणवाल्याकडे "ताजी आहे ना हो?" असं विचारत अर्धी मूठ शेव तोंडात टाकतो आणि शेवटी पाव किलो पापडी घेऊन घरी येतो. एवढा सावध गृहस्थ सेंटच्या दुकानात मात्र काचेच्या कपाटासमोर पार ढिला पडतो. बाटली सात-आठ हजारांची, एकदा उघडली की परत घेत नाहीत, आणि आत काय आहे ते खोक्यावर छापलेलं असूनही कळत नाही. खोक्यावर बर्गमॉट, गुलाबी मिरी, ओलं लाकूड आणि चामडं असं काहीबाही असतं. कोकणातल्या माणसाने 'चामडं' वाचलं की त्याला श्रावणात भिजलेली चप्पल आठवते. त्या चपलेसाठी सात हजार मोजायचे की नाही, हे यादी वाचून कसं ठरवणार?

म्हणून जगात दोन मिलीची कुपी आहे. आधी थोडंसं लावून बघायचं, पटलं तर बाटली घ्यायची. ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं, की यात कुणाचं डोकं फिरू शकेल यावर विश्वास बसत नाही. पण आमच्या दाजींकडे बघितलं की बसतो.

ही लावून बघायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाताच्या पालथ्या बाजूला अत्तराची काडी फिरायची, वरून गुलाबदाणीचा शिडकावा व्हायचा, आणि आळीतल्या तमाम बायकांना एका संध्याकाळी दहा घरची अत्तरं फुकटात तपासता यायची. कुणाकडचं उत्तम, कुणी स्वस्तातलं आणलंय, याचा निकाल घरी पोचायच्या आत लागलेला असायचा. पुरुषांसाठी फाया होता. कापसाचा बोंडाएवढा तुकडा, त्याला अत्तर, आणि तो कानाच्या वरच्या घडीत खोचलेला. तो दिवसभर तिथेच. सकाळी दहाला हिना कसा वाटतो आणि रात्री दहाला त्यातलं काय उरतं, हे नाकाच्या एवढं जवळ राहून सांगणारी दुसरी युक्ती अजून निघालेली नाही.

मुंबईत महंमद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे अजूनही अशीच रीत आहे. बाटलीच्या बुचाला काचेची कांडी असते, ती तो तुमच्या हाताला टेकवतो आणि जरा चक्कर मारून या म्हणतो. हे नुसतं सौजन्य नाही. अत्तर तेलात असतं. कनौजची जुनी पद्धत म्हणजे तांब्याच्या डेगमध्ये फुलं उकळायची आणि त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवायची. तेलातला वास अंगावर सावकाश उलगडतो, त्यामुळे घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला अत्तर कळतच नाही. शिवाय हा माल तीन मिली, सहा मिली, बारा मिली असा मिळतो. बारा मिली म्हणजे साधारण तोळा. तीन मिली मागणाऱ्याकडे कुणी कमीपणाने बघत नाही. तिथे नमुना आणि खरेदी यांत मुळी भांडणच नाही.

भांडण सुरू झालं ते अल्कोहोलमधल्या परफ्यूमपासून, कारण त्याची बाटली पन्नासची किंवा शंभरची. मधल्या कुठल्याही संख्येशी या कंपन्यांचं फारसं सख्य नाही.

आता दाजी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. डोंबिवलीला राहतात, फोर्टात एका विमा कंपनीत आहेत, आणि आयुष्यभर इतरांची जोखीम मोजल्यामुळे स्वतः कसलीच घेत नाहीत. पन्नाशीपर्यंत ते आंघोळीनंतर पावडर मारून कामावर जायचे. मग ऑफिसात एक नवे साहेब आले, ते लिफ्टमधून उतरून गेल्यावरही पुढच्या तीन फेऱ्यांपर्यंत लिफ्टमध्ये दरवळायचे. दाजींनी ठरवलं, आपणही एक चांगली बाटली घ्यायची. एकच, पण पारखून.

पारखायला ते ठाण्याच्या मॉलमध्ये गेले. मीही सोबत होतो. काउंटरवरच्या मुलीने कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारला, पट्टी हवेत दोनदा हलवली आणि दाजींच्या नाकाखाली धरली. या पट्टीला ब्लॉटर म्हणतात. तिचा उपयोग एवढाच, की जे अजिबात नको ते पटकन बाजूला काढता येतं. आवडलेल्या वासाबद्दल ती विशेष काही सांगत नाही, कारण कागदाला घाम येत नाही, कागद गरम नसतो, आणि कागद साडेसातची फास्ट लोकल पकडत नाही. दाजींनी मात्र प्रत्येक पट्टीला पसंतीची मान डोलावली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. पंधरा मिनिटांनी त्या खिशातून जो काही वास येत होता तो कुठल्याच कंपनीने बनवलेला नव्हता.

पाच-सहा पट्ट्यांनंतर नाक संपावर जातं. मग ती मुलगी कॉफीच्या बियांची वाटी पुढे करते, म्हणजे "नाक फ्रेश होतं सर." जगभरच्या काउंटरांवर ही वाटी असते. अमेरिकेत 2011 साली याचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काहींना मध्ये कॉफी हुंगायला दिली, काहींना लिंबू, काहींना नुसती हवा. कॉफीवाल्यांना पुढचा वास ओळखायला काही जास्त जमलं नाही. थोडक्यात, आधीच दमलेल्या नाकाला आणखी एक वास हुंगायला लावायचं, असा हा उपचार आहे. या धंद्यातली मुरलेली माणसं त्यापेक्षा स्वतःचा कोपर हुंगतात. आपल्या अंगाचा वास नाकाच्या सवयीचा असतो, त्यामुळे तिथे जरा विसावा मिळतो. मी हे दाजींना सांगितलं. त्यांनी तत्काळ बाही वर करून कोपरात नाक खुपसलं आणि तसेच पुढच्या दुकानापर्यंत चालत गेले. सिक्युरिटीवाला बराच वेळ आमच्याकडे बघत होता.

काउंटरवर आणखी एक गोम आहे. फवारा मारल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जे दरवळतं ते लिंबू-संत्र्याच्या जातीचं, हलकं, लगेच उडून जाणारं असतं. त्याचे रेणू लहान, त्यामुळे ते आधी निघतात. मग तासाभरात फुलं, मसाले वर येतात, आणि दोन-तीन तासांनी जे उरतं, म्हणजे लाकूड, कस्तुरी, व्हॅनिला, राळ, ते संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबर असतं. गिऱ्हाईक काउंटरवर दहा मिनिटं असतं, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पहिली दहा मिनिटं नेहमीच झकास असतात. साखरपुड्याला सगळे गोडच बोलतात तसं. संसार करायचा तो दुपारी अडीचच्या वासाशी, आणि तो बघायचा तर वास घरी न्यायला हवा.

घरी न्यायचा म्हणजे एकतर कंपनीच्या छोट्या नळ्यांचा संच घ्यायचा, त्याला डिस्कव्हरी सेट म्हणतात, नाहीतर डिकँट घ्यायचा. डिकँट हा प्रकार दाजींना ऑफिसातल्या एका पोराने दाखवला. कुणीतरी मोठी अस्सल बाटली घेतो, त्यातलं दोन, पाच, दहा मिली छोट्या काचेच्या कुप्यांत भरतो आणि विकतो. हे काम बघण्यासारखं असतं. दाजींना डिकँट देणारा मुलगा कल्याणचा. त्याच्या खोलीत इंजेक्शनच्या सिरिंजा, बोथट सुया, टेफ्लॉनची टेप आणि रिकाम्या कुप्या ताटात मांडलेल्या. ताईने पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा तिला वाटलं दाजींनी घरी न सांगता कुठल्या तरी डॉक्टरकडे उपचार सुरू केलेत.

परफ्यूमच्या बाटलीचा पंप सहसा पक्का ठोकून बसवलेला असतो, आटे नसतात, त्यामुळे झाकण फिरवून ओतता येत नाही. मग वरचं बटण काढायचं, उघड्या पडलेल्या बारीक नळीवर एक नळकांडं बसवायचं आणि पंप दाबत दाबत माल सिरिंजमध्ये किंवा सरळ कुपीत उतरवायचा. कुपी गळ्यापर्यंत भरायची नाही, कारण उन्हात अल्कोहोल फुगतं आणि वाट काढतं. आट्यांवर टेफ्लॉनची टेप, नळाला प्लंबर गुंडाळतो तीच. वर पार्सल जमिनीवरून पाठवायचं, कारण हा ज्वालाग्राही माल आणि विमानवाले त्याला सहजी घेत नाहीत. एवढं सगळं करून कुपी कल्याणहून डोंबिवलीला यायला चार दिवस लागायचे. दाजी लोकलने गेले असते तर वीस मिनिटांत आणली असती. पण कुरियर आल्याची बेल वाजण्यात जो आनंद आहे तो लोकलच्या प्रवासात नाही, हे मलाही मान्य आहे.

डिकँटमध्ये विश्वास ठेवावा लागतो, आणि हीच त्याची दुखरी बाजू. मोठी बाटली खरी होती का, हे कुपीकडे बघून कळत नाही. चांगला विक्रेता मूळ बाटलीचा, खोक्याचा आणि बॅच नंबरचा फोटो पाठवतो. पण फोटो खऱ्या बाटलीचा आणि माल दुसराच, असंही होऊ शकतं. त्यातल्या त्यात ओळखायची खूण म्हणजे वास उलगडतो का ते पाहायचं. नकली मालात सुरुवात हुबेहूब असते, आणि अर्ध्या-एक तासात तो सपाट होतो, त्यात पुढे काही घडतच नाही. पुन्हा तेच, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत कुणालाही फसवता येतं.

आता पैशांचं. समजा शंभर मिलीची बाटली 9,000 रुपयांची आहे. म्हणजे मिलीला 90 रुपये. तिचा दोन मिलीचा डिकँट 300 ला पडतो, म्हणजे मिलीला 150. भरणावळ, कुपी, टेप आणि त्या मुलाची मेहनत धरता भाव वाजवी आहे. ताईला हे गणित सांगताना दाजी नेहमी म्हणायचे, "अगं, 300 रुपयांत 9,000 वाचले." यात तसं काही खोटं नाही. फक्त महिन्याला दहा कुप्या आल्या की 3,000 जातात आणि दाजींच्या वहीत 90,000 वाचलेले असतात. न घेतलेल्या बाटल्यांच्या किमती बेरजेत धरायला लागलं की माणूस फार लवकर श्रीमंत होतो. दाजींचा त्या वर्षाचा नफा तर कंपनीने त्यांना दिलेल्या बोनसच्या कितीतरी वर होता. ताईने एकदाच विचारलं, "मग त्या वाचलेल्या पैशांतून फ्रिज घेऊ या का?" त्यावर दाजी लोकल चुकेल म्हणून निघून गेले.

पण एक गोष्ट दाजींनी मनापासून केली. त्यांनी तपासायचं कसं हे शिकून घेतलं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा माणूस मला भेटलेला नाही. छोट्या कुपीचा एक फवारा मोठ्या बाटलीच्या फवाऱ्यापेक्षा जरा कमीच पडतो. दोन मिलीत पंचवीस-तीस फवारे निघतात. दिवसाला चार धरले तर आठवडाभर पुरतात. या आठवड्याचं वेळापत्रक असायचं. एक दिवस घरी, रविवारी, बनियनवर, पंख्याखाली. एक दिवस ऑफिसात, चोवीस डिग्रीवर ठेवलेल्या एसीत. एक दिवस मे महिन्याच्या लोकलमध्ये, उभ्याने. आणि एक दिवस कुणाच्या तरी लग्नाला, म्हणजे खऱ्या माणसांत.

लोकलची चाचणी सर्वांत कडक. गरम अंगावर परफ्यूम भराभर उडतं, त्यामुळे तेच फवारे मे महिन्यात दुप्पट जोरात बोलतात आणि लवकर थकतात. मॉलच्या गारव्यात मखमली वाटलेली गोड व्हॅनिला डोंबिवलीच्या फलाटावर गुळाच्या ढेपेसारखी अंगावर येते. दाजींनी एकदा असलंच काहीतरी लावलं होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाच्या पिशवीत श्रीखंड फुटलंय का?" दाजींनी वहीत नोंद केली: फक्त डिसेंबर. उलट लिंबू-खसाचं हलकं काहीतरी, जे एसीत अगदीच मिळमिळीत वाटलं होतं, ते घामात छान जिवंत झालं. ही नोंद कुठल्याही खोक्यावर मिळाली नसती.

वहीत शेवटचा रकाना 'सौ. चे मत' असा होता, आणि तो शोभेचा नव्हता. माणसाचं नाक स्वतःच्या अंगावरचा वास अर्ध्या तासात ऐकेनासं होतं. तुम्हाला वाटतं परफ्यूम गेलं, टिकत नाही, पैसे वाया. बाकीच्यांना ते व्यवस्थित येत असतं. याच गैरसमजात माणसं आणखी सहा फवारे मारतात आणि लिफ्टमधले साहेब होतात. म्हणून दर दोन तासांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. दाजी दुपारी ऑफिसातून फोन करून ताईला "सकाळी मी दारात असताना वास कसा होता?" असं विचारायचे. ताई त्या वेळी सिलेंडरवाल्याशी बोलत असायची.

आणि काही वास काही माणसांना येतच नाहीत. कस्तुरीच्या जातीचे बरेचसे कृत्रिम रेणू मोठे आणि जड असतात, आणि अमुक एक रेणू काहींच्या नाकाला दिसतच नाही. 2006 साली निघालेलं मॉलिक्यूल झीरो-वन नावाचं एक परफ्यूम आहे, त्यात आयसो ई सुपर हा एकच सुगंधी रेणू अल्कोहोलमध्ये घातलेला असतो. बाकी काही नाही. काहींना त्यात देवदाराचं मऊ लाकूड येतं, काहींना मधूनच येतं मधूनच जातं, आणि काहींना ओ की ठो कळत नाही. दाजी तिसऱ्या वर्गातले निघाले. ते लावून घरभर फिरले, आणि ताई म्हणाली, "आज पहिल्यांदा बरं लावलंत." दाजींना काहीच येत नव्हतं. जे आपल्याला येत नाही आणि बायकोला आवडतं, त्यावर हजारो रुपये घालावेत का, हा प्रश्न त्यांनी दोन दिवस वहीत उघडा ठेवला होता. अशा वेळी नमुन्याचे 300 रुपये वसूल झाले असं मी म्हणेन. शंभर मिली घेऊन बसले असते तर दुकानदाराने पाणी भरून दिलं अशी तक्रार घेऊन ग्राहक आयोगात गेले असते.

इतकं करून बाटली ठरेना. कारण नमुन्याचा स्वभावच असा आहे, की तो पुढच्या नमुन्याची आठवण करून देतो. हे बरं आहे, पण यातलं लाकूड जरा कमी असतं तर. मग लाकूड कमी असलेला मागवायचा. त्यात गुलाब जरा जास्त. माझं स्वतःचं मत असं, की कुठला घ्यायचा हे वहीला विचारूच नये. ड्रॉवर उघडावा आणि रिकामी कुपी कुठली ते बघावं. जी न ठरवता संपली ती घ्यावी, आणि तीही मिळत असेल तर तीस मिलीची. दिवसाला चार फवाऱ्यांनी शंभर मिली रोज वापरूनही आठ-नऊ महिने जातात, आणि ज्याच्याकडे ड्रॉवरभर कुप्या आहेत तो रोज एकच लावणार नाही हे उघड आहे. हे मी दाजींना सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. रिकामी कुपी खरंच एक होती, म्हणजे तळाला जेमतेम थेंब. आणि तिच्यावर नाव नव्हतं.

नाव होतं, पण गेलं होतं. कुप्यांवर कल्याणचा मुलगा कागदी लेबल चिकटवून बॉलपेनने लिहायचा. फवारताना जरा ओघळ आला की अल्कोहोलमध्ये शाई विरघळते आणि अक्षरं निळ्या डागात मिसळून जातात. दाजींच्या ड्रॉवरात अशी निम्मी मंडळी निनावी झाली होती. ही कुपी तर फवाऱ्याचीसुद्धा नव्हती. काचेच्या काडीची, बोटाने टिपायची जुन्या पद्धतीची नळी, कुठल्याशा मोठ्या खरेदीवर फुकट आलेली. दाजी ती फक्त लग्नाला लावायचे. दाट, धुरकट, मनुका भिजवल्यासारखी. ताईलासुद्धा आवडायची.

त्या थेंबाचा माग काढायला दाजींनी पावत्या, कुरियरचे मेसेज आणि वहीतल्या तारखा समोर घेतल्या. लग्नांच्या तारखा पत्रिकांवरून जुळवल्या. शेवटी तीन संशयित उरले. तिन्हींचे डिकँट पुन्हा मागवले, ते तीन हातांवर लावायला हात कमी पडले म्हणून एक माझ्या हातावर लावला, आणि तासाभराने माझ्याच मनगटावरून मनुका दरवळल्या. दाजी माझा हात सोडेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर मिलीची बाटली मागवली, अधिकृत दुकानातून, बिलासकट.

बाटली आली. दाजींनी दोन फवारे मारले आणि वीस मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे ते नाही."

ते तेच होतं. मी बॅच नंबर बघितला, खोकं बघितलं, सील बघितलं. फरक कुपीत होता. काडीच्या नळीचं बूच घट्ट बसत नाही. ती वर्षभर ड्रॉवरात पडली की अल्कोहोल हळूहळू उडतं, त्याबरोबर वरचे हलके वास जातात, आणि तळाला जे जड आहे ते घट्ट होऊन राहतं. खूण अगदी सोपी असते. नळीतली पातळी न वापरताच उतरलेली असते आणि रंग चहासारखा गडद झालेला असतो. दाजींच्या नळीत दोन्ही होतं, पण त्यांना वाटलं होतं की आपणच जास्त लावलं. त्यातून ते बोटाने टिपायचे. टिपलेला थेंब एका जागी दाट बसतो, फवारा तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. म्हणजे वर्षभर त्यांनी जे पसंत केलं ते त्या परफ्यूमचा आटवलेला काढा होता, आणि तो कुठलीही कंपनी विकत नाही. माझ्या हातावर ताजा डिकँट तासाभराने मनुकांपर्यंत पोचला होता, कारण तोवर हलकं सगळं उडून गेलं होतं. नव्या बाटलीतून त्यांना पहिल्याच मिनिटाला मनुका हव्या होत्या.

"तासभर थांबा," मी म्हटलं. "येईल."

"तासभर थांबायला लग्नात कुणाला वेळ आहे?" दाजी म्हणाले.

कल्याणच्या मुलाला फोन लावला. त्याने ठणकावून सांगितलं की नवी बाटली असते तेव्हा असंच लागतं, दहा फवारे बाहेर मारा म्हणजे आत हवा जाईल, मग दोन-तीन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवा, मुरेल. या मंडळींचा मुरण्यावर फार विश्वास. पक्क्या पंपाच्या भरलेल्या बाटलीतून वर्षभरातही फारसं काही उडत नाही, तेव्हा काडीच्या नळीतला काढा त्या बाटलीत तयार व्हायचा नाही, असं माझं म्हणणं. पण मला कोण विचारतो? दाजींनी दहा फवारे गॅलरीत मारले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून पूजा आहे का म्हणून विचारलं. मग बाटली कपाटात, शालूंच्या मागे, खोक्यासकट गेली. ताईने शालू हलवायचे नाहीत असा हुकूम निघाला.

वहीत 'मुरायला ठेवली' अशी नोंद झाली आणि पुढे तारीख पडली. आता मधले तीन महिने अंगाला लावायला काहीतरी हवं, म्हणून दाजींनी दोन-दोन मिलीचे चार मागवलेत. या वेळी कल्याणच्या मुलाला बजावून सांगितलंय, लेबल पेन्सिलने लिही.